साडेसाती नाही, तरी शनी मागे का? अष्टम आणि कंटक शनीचा हिशेब

साडेसाती संपली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी पंचांग उघडून सांगतं, "तुम्हाला आता चौथा शनी लागलाय." त्यातून बाहेर पडून थोडी वर्षं जातात तोच सातवा येतो आणि त्याच्या मागोमाग आठवा. "अष्टमातला शनी" हे शब्द घरात उच्चारले गेले की आवाज आपोआप खाली येतो, निम्म्यांना तो नेमका काय असतो ते माहीत नसलं तरी. मी हौस म्हणून गेली बरीच वर्षं पत्रिका मांडतो. माझा अनुभव असा की या दोन शब्दांभोवती जितका गोंधळ आहे तितका खुद्द साडेसातीभोवतीही नाही.

आधी मोजणी. शनीला राशीचक्राची एक फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत तो सरासरी अडीच वर्षं असतो. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता ती आपली जन्मरास. ती रास १ धरायची आणि आज शनी कितव्या राशीत आहे ते मोजायचं. बारावी, पहिली आणि दुसरी रास मिळून साडेसाती. आठव्या राशीत आला की अष्टम शनी. चौथ्या राशीतल्या शनीला दक्षिणेत अर्धाष्टम म्हणतात, आठाचं निम्मं चार म्हणून. उत्तरेत चौथ्या आणि आठव्या शनीला मिळून ढैय्या म्हणतात, आपल्याकडे अडीचकी किंवा छोटी पनवती.

मोजताना एक चूक हमखास होते: लोक आपली रास सोडून पुढच्या राशीपासून सुरुवात करतात. सिंहेपासून मीन कितवी? सिंह एक, कन्या दोन, तूळ तीन, वृश्चिक चार, धनू पाच, मकर सहा, कुंभ सात, मीन आठ. आपली रास धरूनच मोजायचं. दुसरी चूक इंग्रजी वर्तमानपत्रातल्या राशीमुळे होते. ती सूर्याची रास, तीही सायन पद्धतीची. ऑगस्टमध्ये जन्मला म्हणून कुणी आपोआप सिंह राशीचा होत नाही. तिसरी चूक नावराशीची. कागदोपत्री नाव भलत्याच अक्षरावरून ठेवलेलं असतं आणि माणूस त्या अक्षराच्या राशीचं भविष्य आयुष्यभर वाचत राहतो.

आता 'कंटक'. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काटा येतो आणि पायात रुतणाऱ्या शनीचं चित्र तयार होतं. पण वराहमिहिराच्या बृहज्जातकात, म्हणजे सहाव्या शतकात, पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं या चार स्थानांना केंद्र, चतुष्टय आणि कंटक अशी तीन नावं दिलेली आहेत. तिन्हींचा अर्थ एकच. म्हणजे कंटक शनी याचा सरळ अर्थ 'चंद्रापासून केंद्रात असलेला शनी', एवढाच. रुतणं, टोचणं वगैरे पुढच्या पिढ्यांनी शब्दाच्या नेहमीच्या अर्थावरून चिकटवलेलं आहे. केरळात तर म्हणच आहे, 'कण्टकशनि कोण्टे पोकू', म्हणजे कंटक शनी माणसाला घेऊनच जाणार. शब्दाला असा अर्थ चिकटला की मग तो निघत नाही.

नाव केंद्राचं असल्यामुळेच प्रांताप्रांतात घोळ झालाय. केरळात १, ४, ७, १० ही चारही स्थानं कंटकात धरतात. तमिळनाडूत चौथ्याला अर्धाष्टम हे स्वतंत्र नाव असल्यामुळे कंटक म्हटलं की बहुतेकांच्या मनात सातवा येतो. काही जण आठवाही त्यातच ढकलतात. आपल्याकडचे बरेच जोशी ४, ७, १० म्हणतात, कारण पहिला आधीच साडेसातीत मोजून झालेला असतो. म्हणून "मला कंटक शनी आहे" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कितवा? त्या आकड्याशिवाय पुढे काही बोलण्यात अर्थ नाही.

कारण ही स्थानं एकसारखं काम करत नाहीत. शनी जिथे बसतो तिथून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानाकडे पाहतो असं मानतात. हे एक सूत्र लावलं की सगळं उलगडतं. चौथ्या शनीची दहावी दृष्टी थेट जन्मराशीवर, म्हणजे चंद्रावर पडते आणि सातवी दृष्टी कामाच्या दहाव्या स्थानावर. म्हणून चौथ्या शनीत घर, आई, बदली आणि मनाचा जडपणा एकदम बोलला जातो. सातवा शनी समोरून चंद्राकडे पाहतो, शिवाय चौथ्याकडेही. दहावा मात्र चंद्राकडे पाहतच नाही. त्याची नजर बाराव्या, चौथ्या आणि सातव्या स्थानांवर. कामाचा भार वाढतो आणि त्याची किंमत घर नि जोडीदार मोजतात, असं त्याचं वर्णन करतात ते यामुळे.

आणि आठवा? तोही चंद्राकडे पाहत नाही. त्याची दृष्टी दहाव्या, दुसऱ्या आणि पाचव्या स्थानावर असते: नोकरी-धंदा, कुटुंब नि साठवलेला पैसा, आणि मुलं. मग तो सगळ्यांत वाईट का मानला जातो? मुळात आठवं स्थान आयुष्याचं, लपलेल्या गोष्टींचं, रेंगाळणाऱ्या दुखण्यांचं आणि दुसऱ्याच्या हातात अडकलेल्या पैशाचं. त्याला मृत्युस्थानही म्हणतात आणि भीतीचं खरं मूळ त्या नावात आहे. पण साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीचा हिशेब केला तर पंच्याहत्तरीच्या माणसाने निदान दोन अष्टम शनी पाहिलेले असतात. ते पाहूनच तो पंच्याहत्तरीला पोचलेला असतो.

अष्टम जड जाण्याचं मला पटणारं कारण क्रमात आहे. सातवा संपला की लगेच आठवा लागतो, मध्ये उसंत नाही. सिंह राशीला शनी कुंभेत असताना सातवा होता: २०२२ च्या २९ एप्रिलला सुरू झाला, वक्री होऊन जुलैत मागे मकरेत गेला, आणि १७ जानेवारी २०२३ ला पुन्हा आला. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला आणि आठवा सुरू झाला. सलग पाच वर्षांचा पट्टा. साडेसातीपेक्षा अडीच वर्षांनी कमी, आणि साडेसातीसारखं त्याला एक नाव नाही म्हणून लोकांच्या लक्षातही येत नाही.

आता ज्यांना ही यादी फार मनावर घ्यायची सवय आहे त्यांच्यासाठी छोटं गणित. शनी मीनेत असताना कुंभ, मीन आणि मेष साडेसातीत. धनूला चौथा, कन्येला सातवा, सिंहेला आठवा, मिथुनेला दहावा. झाल्या सात राशी. कर्केला नववा आणि वृश्चिकेला पाचवा, तेही काही शुभ मानत नाहीत. उरल्या मकर, तूळ आणि वृषभ: तिसरा, सहावा, अकरावा. चंद्रापासून शनी चांगला तो एवढ्या तीनच ठिकाणी. म्हणजे कुठल्याही दिवशी बारांतल्या सात राशींवर शनीचं काही ना काही नाव लागलेलं असतं आणि नऊ राशींना तो अनुकूल नसतो. देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांना एकाच वेळी लागू होणारी गोष्ट एकट्या तुमच्याबद्दल फार काही सांगू शकत नाही. जुन्या लोकांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी चाळणी बारीक केली. तिचं नाव अष्टकवर्ग.

कल्पना सोपी आहे. चंद्रापासून शनी कुठे आहे एवढंच न पाहता सूर्य, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, जन्माचा शनी आणि लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, यांच्यापासूनही पाहायचं. एकूण आठ जण मत देतात. शनी ज्याला चालेल त्याने त्या राशीत एक बिंदू टाकायचा, म्हणून एका राशीत शून्य ते आठ बिंदू होऊ शकतात. शनीचे बारा राशींत मिळून कायम ३९ बिंदू होतात, म्हणजे राशीमागे सरासरी सव्वातीन. चार किंवा जास्त असतील तर ती रास शनीला बऱ्यापैकी, तीनखाली गेले तर जड.

चंद्राचं मत ठरलेलं आहे: तो फक्त तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्यात बिंदू देतो. म्हणून अष्टमात त्याचं मत सगळ्यांच्याच विरोधात जातं. पण ते आठांतलं एक मत. बाकीची सात काय म्हणतात?

दोन पत्रिका समोर घेतो. दोघींची रास सिंह, दोघींना अष्टम शनी एकाच दिवशी लागला. थोरलीचा जन्म १९८३ च्या नोव्हेंबर अखेरचा, सूर्योदयाच्या सुमाराचा. लग्न वृश्चिक, सूर्य, बुध, गुरू वृश्चिकेत, मंगळ आणि शुक्र कन्येत, शनी तुळेत, चंद्र सिंहेत सुमारे ६ अंशांवर, मघा नक्षत्रात. मीनेसाठी मतं मोजू. सूर्यापासून मीन पाचवी. सूर्य पाचव्यात देत नाही. मंगळापासून सातवी, नाही. बुधापासून पाचवी, नाही. गुरू पाचव्यात देतो, एक बिंदू. शुक्र सातव्यात देत नाही. जन्मशनी सहाव्यात देतो, दुसरा बिंदू. लग्न पाचव्यात देत नाही. चंद्राचा नकार ठरलेलाच. एकूण दोन.

धाकटी दीड वर्षाने लहान. लग्न धनू, सूर्य आणि मंगळ वृषभेत, बुध मेषेत, शनी वृश्चिकेत, गुरू मकरेत, शुक्र मीनेत. सूर्यापासून मीन अकरावी, बिंदू. मंगळापासूनही अकरावी, बिंदू. बुधापासून बारावी, बिंदू. जन्मशनीपासून पाचवी, बिंदू. धनू लग्नापासून चौथी, बिंदू. गुरू, शुक्र आणि चंद्र नाही म्हणतात. एकूण पाच. तीच रास, तोच अष्टम शनी, पण एकीला दोन आणि दुसरीला पाच. राशिभविष्याच्या सदरात या दोघींना एकच वाक्य मिळालेलं असतं.

चाळणी याहूनही बारीक होते. राशीचे आठ समान भाग करतात, प्रत्येक ३ अंश ४५ कलांचा. त्या भागांना कक्षा म्हणतात आणि त्यांचे मालक क्रमाने शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र आणि लग्न. ज्याने बिंदू दिलाय त्याच्या कक्षेतून जाताना शनी सौम्य, ज्याने दिला नाही त्याच्या कक्षेत कडक. थोरलीला बिंदू देणारे दोघेच, शनी आणि गुरू, आणि नेमक्या त्यांच्याच कक्षा पहिल्या दोन. म्हणजे मीनेचे पहिले साडेसात अंश बरे आणि पुढचे साडेबावीस अंश रिकामे.

शनी १३ जुलै २०२५ ला वक्री झाला तेव्हा साडेसात अंशांच्या जरासा पलीकडे डोकावला होता. तिथून तो मागे फिरला, २८ नोव्हेंबरला मीनेच्या पहिल्या अंशात येऊन मार्गी झाला, आणि साडेसात अंश कायमचे ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२६ ची अखेर लागली. या हिशेबाने थोरलीच्या अष्टम शनीचे पहिले अकरा महिने नावापुरतेच होते आणि खरा अष्टम मार्च २०२६ पासून.

इथे दशाही, म्हणजे आयुष्यात कुठल्या ग्रहाचा काळ चालू आहे तेही, पाहावी लागते, कारण गोचर, म्हणजे ग्रहांचं चालू भ्रमण, एकटं फळ देत नाही असं सगळेच जाणते म्हणतात. मघेच्या ६ अंशांवरून विंशोत्तरी दशा मोजली तर तिला २०२३ च्या शरदापासून मंगळाची महादशा आहे, आणि तिच्यातली शनीची अंतर्दशा साधारण फेब्रुवारी-मार्च २०२६ ते एप्रिल २०२७. कक्षा आणि दशा दोन्ही एकाच वर्षाकडे बोट दाखवतात. दोन वेगळ्या वाटा अशा एका जागी आल्या की मी त्या वर्षाभोवती पेन्सिलने गोल करतो.

पण एक तिसरी पद्धत वेगळंच सांगते. चंद्र ज्या अंशावर आहे, बरोबर त्याच अंशावर शनी आठव्या राशीत आला की परिणाम तीव्र, असं मानणारे बरेच आहेत. थोरलीचा चंद्र ६ अंशांवर. शनी मीनेच्या ६ अंशांवर तीनदा आला: मे २०२५ च्या अखेरीस, मग वक्री असताना ऑगस्टच्या अखेरीस, आणि पुन्हा मार्गी होऊन फेब्रुवारी २०२६ च्या मध्यात. तिन्ही वेळा तो गुरूच्या, म्हणजे बिंदूवाल्या कक्षेत होता. एक पद्धत म्हणते हीच टोकं, दुसरी म्हणते इथेच आराम. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मी अष्टकवर्गाच्या बाजूने झुकतो, कारण त्यात निदान पत्रिका पाहावी लागते. पण हा कल झाला, पुरावा नव्हे. गंमत म्हणजे काहीही घडलं तरी नंतर जुळणारी पद्धत निवडता येते, आणि बहुतेक "अचूक निघालेली" भाकितं तशीच तयार होतात. म्हणून भाकीत करायचं तर तारीख आणि पद्धत आधी वहीत लिहून ठेवावी. माझ्या वहीत थोरलीचं मार्च २०२६ पासूनचं वर्ष लिहिलेलं आहे आणि धाकटीचं मोकळं.

तारखांचंही सगळीकडे एकमत नाही. वर दिलेल्या तारखा चित्रापक्षाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांच्या. टिळक पंचांग रैवत पक्षाचं. त्यात राशींची सुरुवात सुमारे ४ अंशांनी वेगळी धरतात. त्यामुळे शनी मीनेत जवळपास महिनाभर आधीच पोचतो. कोकणात एकाच वाडीत दोन घरांत दोन पंचांगं असली तर एका घरातला अष्टम शनी दुसऱ्या घराच्या आधी लागतो. शनीच्या प्रसिद्ध देवळाच्या गावी, कारैकाल जवळच्या तिरुनळ्ळारला, वाक्य पंचांग मानतात. तिथे २९ मार्च २०२५ ला मीनप्रवेश झालाच नाही. देवस्थानाने तो मार्च २०२६ चा सांगितला. आणि ज्याचा चंद्र राशीच्या अगदी काठावर आहे त्याची तर रासच पंचांग बदललं की बदलते. अशा माणसाला कितवा शनी हा प्रश्न विचारण्याआधी कुठलं पंचांग हा प्रश्न विचारावा लागतो.

उपायांबद्दल फार बोलत नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहणं, शिंगणापूरला जाऊन येणं, कुणा गरजूला काही देणं, यात कुणाचं नुकसान नाही. नीलम मात्र वेगळा. एका ओळखीच्या काकूंना अष्टम शनी सांगून दुकानातच मोठ्या रकमेचा खडा विकला गेला. त्यांची पत्रिका मी नंतर मांडली तेव्हा त्यांची जन्मरास कन्या निघाली. विकणाऱ्याने सिंह धरली होती, नावावरून. नीलम शनीचं बळ वाढवण्यासाठी घालतात, आणि त्रास देणाऱ्याचं बळ वाढवायचं की नाही यावर ज्योतिषांतच दोन तट आहेत. अशा वेळी एवढंच विचारावं: मीनेत माझ्या शनीचे बिंदू किती? उत्तरात आकडा आला नाही तर पाकीट खिशातच ठेवावं.

३ जून २०२७ ला शनी मेषेत जाईल. तेव्हा कन्येला आठवा, मकरेला चौथा, तुळेला सातवा आणि कर्केला दहावा लागेल, आणि सिंहवाले पेढे वाटतील. जरा थांबा म्हणावं त्यांना. वक्री शनी २० ऑक्टोबरला पुन्हा मीनेत येतो, शेवटच्या काही अंशांत घुटमळतो आणि २३ फेब्रुवारी २०२८ ला कायमचा पुढे जातो. ते शेवटचे अंश लग्नाच्या कक्षेचे. धाकटीच्या लग्नाने बिंदू दिलाय, थोरलीच्या लग्नाने नाही.